पश्चिमेची करडी भिंत

माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर चार रकाने होते. पहिल्या तिनांत गोटीने किती वाजता दूध घेतलं, किती वेळ झोपली आणि अंगावर पुरळ कुठे कुठे आलं हे असायचं. चौथा रकाना भिंतीचा.

गोटी म्हणजे माझी लेक. सात महिन्यांची, गोल, आणि हातातून निसटायला बघणारी. तिची खोली पश्चिमेच्या टोकाला. चार मजली इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे गच्चीचं ऊन आमच्या डोक्यावर नाही, पण दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ती भिंत नुसती भाजून निघायची. आणि खरा वैताग संध्याकाळी. बाहेर झुळूक सुटलेली असायची, लोक फेऱ्या मारत असायचे, आणि गोटीच्या पाळण्यामागची भिंत दिवसभर प्यायलेलं ऊन आत सोडत बसायची. पंखा तीच गरम हवा फिरवायचा. एसी होता, पण दुपारी दोन ते पाच रोज वीज जायची आणि आल्यावर दाब इतका कमी की तो नुसता गुरगुरायचा.

भिंत मोजायची कल्पना तापमापकामुळे सुचली. बाळाच्या कपाळासमोर धरून बटण दाबायचं, तसला. त्यावर दुसरं एक बटण होतं, बाटलीच्या चित्राचं. दुधाची बाटली, आंघोळीचं पाणी, कुठल्याही वस्तूच्या पृष्ठभागाचं तापमान त्याने मोजता येतं; नुसता ठेवला तर तो खोलीतल्या हवेचं दाखवतो. एका संध्याकाळी मी तो भिंतीसमोर धरला. अडतीस पूर्णांक एक.

"आता भिंतीलाही ताप आला का?" सासूबाईंनी विचारलं.

"आला आहे, आई. गोटीपेक्षा जास्त."

तेव्हापासून रोज रात्री आठ वाजता मी दोन जागा मोजू लागले. एक पाळण्यामागची, आणि दुसरी शेजारच्या स्वयंपाकघराची, कारण तीही पश्चिमेचीच भिंत. एकीला अडतीसच्या आसपास, दुसरीला तीन-चार दशांश कमी. घरात सगळ्यांनी माझी थट्टा केली. नवरा म्हणाला, "शेजाऱ्यांच्या भिंतीचाही चार्ट ठेव, बिचाऱ्यांना कोणी नाही."

पण थट्टेच्या खाली एक गोष्ट होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. माझी रजा संपली होती. दिवसभर गोटी सासूबाईंकडे असायची, आणि त्या उकाड्यात ती दुपारी जेमतेम वीस मिनिटं झोपायची, मानेवर आणि पाठीवर घामोळं, अर्धं दूध सोडून द्यायची. डॉक्टर म्हणाल्या होत्या, घाबरण्यासारखं काही नाही, पण खोली जरा उतरली तर बरं. यावर माझ्या नणंदेने मार्ग काढला होता. त्या उंचावरच्या गावात राहतात, तिथे रात्री पांघरूण लागतं. "उन्हाळा संपेपर्यंत बाळाला नि आईला मी घेऊन जाते," त्या फोनवर म्हणाल्या. 'आई' म्हणजे सासूबाई. मी नाही. मला ऑफिस होतं. दोन महिने माझी मुलगी मला फोनच्या पडद्यात दिसणार होती.

कोणी वाईट नव्हतं यात. तेच तर अवघड होतं. भांडायला माणूसच सापडत नव्हता.

"ताई, मला तीन आठवडे द्या," मी म्हटलं. "इमारतीला रंग काढणारच आहेत. आपल्या भिंतीला ऊन परतवणारा रंग लावून बघू. नाही जमलं तर त्यानंतरच्या रविवारी गाडी घेऊन या, मी स्वतः बॅग भरून देईन."

"रंगाने गारवा?" सासूबाई म्हणाल्या. "मग पांढरी साडी नेसून मी उन्हात हिंडते की!"

"हिंडता की, आई. काळी नेसून हिंडता का?"

त्यावर त्या 'बरं, लावून बघ' म्हणाल्या. हे फार क्वचित होतं, म्हणून लक्षात आहे.

इमारतीच्या बैठकीत मी गोटीला खांद्यावर टाकून गेले. चेअरमनसाहेबांची हरकत एवढीच, की रंग चारही बाजूंनी एकच हवा, म्हणजे करडा. एक भिंत पांढरी आणि तीन करड्या हे त्यांना पटणारं नव्हतं. मी तशीच रंगाच्या दुकानात गेले. तिथे रंग मिसळायच्या यंत्रावर एक मुलगी बसायची. रसायनशास्त्र शिकलेली, केसांत कायम एखादा रंगाचा ठिपका.

"पांढरा सगळ्यात चांगला, मॅडम," ती म्हणाली. "पण करडाच हवा असेल तर त्यातला काळा कुठला आहे यावर सगळं अवलंबून आहे."

"काळा तो काळा ना?"

"दिसायला." तिने बोट वर केलं. "उन्हातून जी ऊर्जा येते ना, तिच्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग डोळ्याला दिसतच नाही. लाल रंगाच्याही पलीकडचा. पांढऱ्यातलं टायटॅनियमचं चूर्ण दिसणारा आणि न दिसणारा, दोन्ही भाग उधळून परत पाठवतं. साधा काळा म्हणजे काजळी. ती दोन्ही गिळते. पण दुसरा एक काळा असतो, लोखंड आणि क्रोमियमची ऑक्साइडं भट्टीत भाजून केलेला. त्याचं दिसणाऱ्या उजेडापुरतं वागणं काळ्यासारखं, म्हणून तो काळा दिसतो. न दिसणारा भाग मात्र तो बराचसा परतवतो."

"म्हणजे सूर्याला वेगळा दिसतो."

"तसंच समजा."

मी लगेच विचारलं, किती गार होईल? कारण जाहिरातीत जे आकडे असतात ते मी वाचले होते, आणि मला ते आवडले होते म्हणूनच त्यांच्यावर विश्वास नव्हता.

"भरउन्हात बाहेरून भिंत सात-आठ, फार तर दहा अंश कमी तापेल. खोलीत दीड-दोन अंशांचा फरक पडला तर रंगाने काम केलं म्हणायचं. हा एसी नाही, मॅडम. रंग गारवा तयार करत नाही, ऊन आत शिरू देत नाही, एवढंच. सावलीतल्या भिंतीला लावाल तर काहीच कळणार नाही. आणि धूळ बसली की जोर कमी होतो, वर्षातून एकदा भिंत धुऊन घ्या."

दीड-दोन अंश. मी घरी येताना ते पुन्हा पुन्हा मनात घोळवत होते. थोडं वाटत होतं. पण तिने थोडं सांगितलं म्हणूनच मला ते खरं वाटलं.

पेंटरकाका तीस वर्षं रंग देत होते. इमारतीत त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगायचे, की त्यांचा डोळा म्हणजे यंत्र. जुन्या भिंतीला चरा पडला तर ते तिथल्या तिथे रंग कालवून असा जुळवतात की चरा कुठे होता हे घरमालकालाच शोधावं लागतं. ते स्वतःही हे सांगायचे, दिवसातून दोनदा.

परांची बांधली गेली. भिंत धुतली, भेगा भरल्या, अस्तर मारलं, मग दुकानातून यंत्रावर मिसळून आलेला करडा. मी रोज ऑफिसला जाताना खालून ओरडायचे, "काका, लवकर होऊ द्या हो, बाळाची खोली आहे!" आणि वरून उत्तर यायचं, "होतंय वहिनी, होतंय! बाळालाच विचारा!"

रंग पूर्ण झाला त्या संध्याकाळी भिंत इतकी सुरेख दिसत होती की सासूबाईसुद्धा खाली येऊन बघून गेल्या. मी आठ वाजायची वाट बघत बसले.

स्वयंपाकघर: पस्तीस पूर्णांक सात. म्हणजे दोन अंश उतरलं! मी धावतच गोटीच्या खोलीत गेले. तापमापक धरला. सदतीस पूर्णांक सहा.

पुन्हा धरला. तेच.

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सहाव्या दिवशी, तेच. स्वयंपाकघर दोन अंशांनी खाली. गोटीची खोली जेमतेम अर्ध्याने. खोलीतली हवा तर होती तिथेच. गोटीचं घामोळंही होतं तिथेच.

"मला एक सांग," सासूबाई पोळपाट पुसता पुसता म्हणाल्या, "जिथे दिवसभर गॅस पेटतो तिथे गार, आणि जिथे बाळ झोपतं तिथे गरम. तुझा रंग माणसं ओळखतो का?"

नवरा समजुतीने म्हणाला, "अगं, त्या खोलीवर ऊन जास्त वेळ असेल."

"रंग द्यायच्या आधीही तेवढंच होतं. वही बघ. आधी दोन्ही भिंतींत तीन दशांशांचा फरक होता, आता दोन अंशांचा आहे."

"मग विटा वेगळ्या असतील."

"पंधरा दिवसांपूर्वी एकसारख्या होत्या?"

त्याने वही घेतली. खरंच वाचली, बहुधा पहिल्यांदाच. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हे बरोबर आहे तुझं." इतक्या दिवसांच्या थट्टेनंतरचं ते एवढंसं वाक्य मी तारीख घालून वहीतच लिहून ठेवलं.

पण बरोबर असून काय उपयोग? नणंदेचा फोन आला. "अगं, मी रविवारी निघते हं. गाडीत बाळाची खुर्चीही बसवून घेतली." त्यांच्या आवाजात इतकी माया होती की मला नुसतं "बरं, ताई" म्हणता आलं.

ते सोमवारी. मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि चार वाजता इमारतीमागे जाऊन उभी राहिले. डोळ्यांवर हात धरून वर बघत बसले. भिंत सलग करडी. कुठे सांधा नाही, छटा नाही, डाग नाही. ऊन अंगात टोचत होतं. परांची अजून बांधलेली होती, कारण वरच्या मजल्याच्या कठड्याचं काम राहिलं होतं, आणि पेंटरकाका कमरेला दोर बांधून तिथे ब्रश धूत होते.

"काका, एक काम कराल? ही भिंत मोजाल?"

"मोजू की. टेप कुठंय?"

मी बाळाचा तापमापक पिशवीत घालून दोराने वर पाठवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, भिंतीसमोर धरला आणि बटण दाबलं. तापमापकाने लाल दिवा लावून किंचाळायला सुरुवात केली.

"वहिनी! हे रडतंय!"

"कपाळाचं बटण दाबलंत! बाटलीचं दाबा!"

"बाटलीचं? कसली बाटली?"

"दुधाची!"

दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "काय चाललंय?"

"भिंतीला दूध पाजतोय, आजोबा," काका म्हणाले. मग त्यांनी बरोबर बटण दाबलं. "एकोणपन्नास!"

ते स्वयंपाकघराच्या बाहेर होते. मी वहीत लिहिलं आणि हाताने खूण केली, आता इकडे सरका. ते फळीवरून सरकत गोटीच्या खिडकीपाशी आले.

"छप्पन्न."

"पुन्हा बघा."

"छप्पन्न. वहिनी, छप्पन्न पूर्णांक दोन."

आता मला उकाडा जाणवेनासा झाला. "काका, थोडं थोडं मागे या. दर हातावर एकदा बघा. मोठ्याने सांगा."

"छप्पन्न... छप्पन्न... पंचावन्न... छप्पन्न..." ते सरकत होते. मध्ये पावसाच्या पाण्याचा उभा पाइप होता. त्याच्या पलीकडे हात लांब करून त्यांनी बटण दाबलं. "एकोणपन्नास."

मग त्यांनी तापमापक खिशात टाकला. पाइपच्या एका बाजूला हाताचा पंजा ठेवला, मग दुसऱ्या बाजूला. पुन्हा पहिल्या बाजूला. मी खालून बघत होते. आधी वाटलं त्यांना काही कळलं नाही. मग लक्षात आलं, त्यांना माझ्या आधी कळलंय.

ते खाली उतरले, तापमापक माझ्या हातात दिला आणि पायरीवर बसले.

"पाइपपर्यंत आलो तेव्हा बादल्या संपल्या, वहिनी," ते म्हणाले. "भिंत खडबडीत, हिशोबापेक्षा जास्त रंग प्यायली. दुकानात गेलो तर ती पोरगी म्हणाली, तो खास काळा दोन दिवसांनी येईल. म्हटलं, दोन दिवस कशाला? पांढरा त्याच कंपनीचा, तोच, एक बादली माझ्याकडे होती. साधा काळा टाकला, अडीच बाटल्या, चिमूटभर पिवळा. घोटला. जुळवला." त्यांनी वर बघितलं. "सांगा, सांधा दिसतो का कुठं? तीस वर्षांत असा जुळला नव्हता."

"नाही दिसत," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"दोन दिवस थांबलो असतो," ते म्हणाले, "पण तुम्ही रोज खालून ओरडत होतात ना, लवकर करा, बाळाचं आहे."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. तोंड उघडलंही. पण तोंडातून निघालं ते असं, "काका, उद्या सकाळी दुकानात येता का माझ्याबरोबर?"

दुकानातल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि काउंटरखालून एक दिवा काढला, उष्ण प्रकाशाचा, पिवळा. त्याच्याखाली तिने हाताएवढे दोन करडे पत्रे शेजारी शेजारी ठेवले. "काका, सांगा, यातला वेगळा कुठला?"

काकांनी चष्मा लावला. पत्रे उचलून दारापाशी नेले, उजेडात तिरके केले, नखाने कड बघितली. "एकाच बादलीतले आहेत," ते ठामपणे म्हणाले.

तिने पाच मिनिटं दिवा लावून ठेवला. "आता हात लावा."

त्यांनी डावा पत्रा चाचपला, मग उजवा, आणि उजव्यावरून हात झटकन मागे घेतला. "आई गं!"

"उजव्यात काजळी आहे. तुमच्या बाटलीत असते तीच." ती त्या पत्र्याकडे बघत मऊपणे म्हणाली, "पिवळ्याचा दोष नाही, तो बरा वागतो. काळ्याने घात केला. थोडा जरी पडला तरी पांढऱ्याने परतवलेलं ऊन मध्येच गिळतो."

"पण डोळ्याला तर सारखे आहेत," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. आयुष्यभर बरोबर चाललेलं घड्याळ चुकतंय असं कोणी दाखवल्यावर माणूस बोलेल, तसे ते बोलत होते.

"तुमचा डोळा चुकला नाही, काका. डोळ्याला जेवढं दिसतं तेवढं तुम्ही बरोबर जुळवलंत. उरलेलं जे आहे ते कोणालाच दिसत नाही. मलाही नाही. मी पण दिव्याखालीच बघते."

ते ऐकून त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत लावला. "आता काय करायचं ते सांग. खरवडू?"

"नाही. आधी पांढऱ्याचा एक हात मारा. हा खास करडा न दिसणारं ऊन थोडं आरपार जाऊ देतो, खाली काजळीचा थर असला तर तो गिळेल. खाली पांढरा असला तर उरलंसुरलं ऊन तो परत फेकेल. मग वर करड्याचे दोन हात. खास काळा केव्हाच आलाय, आत्ता मिसळून देते."

"पांढऱ्याचा एक, करड्याचे दोन," काका पुटपुटले. "आज पांढरा. उद्या सकाळी एक, परवा एक."

"वाळू द्या मध्ये," मी म्हटलं.

"वहिनी," ते म्हणाले, "या वेळी तुम्ही ओरडू नका. मी ओरडतो स्वतःला."

बुधवारी पाइपपासून टोकापर्यंत भिंत पांढरी झाली आणि चेअरमनसाहेबांनी खिडकीतून हाक मारली, हे काय नवीन? काकांनी परांचीवरूनच त्यांना काजळी, टायटॅनियम आणि न दिसणारं ऊन यांवर जे व्याख्यान दिलं ते दुकानातल्या मुलीपेक्षा लांब होतं. चेअरमनसाहेब खिडकी लावून आत गेले. गुरुवारी करडा, शुक्रवारी करडा.

शनिवारी चार वाजता मी ऑफिसात होते. फोनवर काकांचा आवाज आला. "पाइपच्या अलीकडे एकोणपन्नास, पलीकडे पन्नास. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं, आणि स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून थोडा वेळ उभी राहिले.

रात्री आठला सासूबाई माझ्या आधी खोलीत हजर. "धर गं लवकर." मी धरला. पस्तीस पूर्णांक नऊ. दिवसच कमी तापला असेल, अशी शंका आलीच मला, शंका ही माझी पाठराखीण. म्हणून स्वयंपाकघरातही बघून आले. पस्तीस पूर्णांक सहा. म्हणजे दिवस नेहमीसारखाच तापला होता, खोलीच उतरली होती. पाळण्याच्या वरची हवा बत्तीस पूर्णांक नऊ. आधी ती चौतीस सहा असायची.

"किती झालं मग?" सासूबाईंनी विचारलं.

"पावणेदोन अंश."

"एवढंच?"

"एवढंच, आई."

त्यांनी पाळण्यामागच्या भिंतीला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाल्या, "पंखा आज गार वारा देतोय की गं." त्या रात्री गोटी साडेआठला झोपली ती पहाटे दुधालाच उठली. मी मात्र चार वेळा उठून बघितलं, ती श्वास घेतेय ना.

रविवारी नणंद आल्या. खरोखरच मागच्या सीटवर बाळाची खुर्ची, वर झालर लावलेली. गोटीला बघून त्यांनी तिच्या पाठीवर फुंकर घातली, घामोळं बघितलं, ते कमी होतं पण होतं. मी बॅग भरून दारापाशी ठेवली होती. शब्द दिला होता ना. सासूबाईंनी ती बॅग बघितली आणि कोणाला न विचारता पायाने पलंगाखाली सरकवली.

"आई, हे काय?" नणंद म्हणाल्या.

"आधी चहा घे. मग खोलीत बैस. मग बोल."

दुपारी दोनला वीज गेली. घरातले सगळे घामाने चिंब होऊन दाराशी बसले, आणि नणंद गोटीला घेऊन तिच्या पश्चिमेच्या खोलीत. मी मध्ये मध्ये दारातून डोकावत होते. तीन वाजले, चार वाजले. पश्चिमेचं ऊन पडद्याच्या कडेने दिसत होतं. पाच वाजता वीज आली, पंखा फिरला, आणि आत गेले तर गोटी पाळण्यात आडवी-तिडवी झोपलेली, आणि माझी नणंद तिच्या शेजारी सतरंजीवर, तोंड उघडं ठेवून, गाढ.

उठल्यावर त्यांनी आधी भिंतीला हात लावून बघितला. वही मागितली, चौथा रकाना बोटाने खालपर्यंत वाचला. आधीच्या आठवड्यांचा, आणि मग शनिवारचा.

"माझ्याकडे इथल्यापेक्षा गार आहे," त्या म्हणाल्या.

"हो, ताई. पुष्कळ गार."

"पण हिला इथे झोप लागते." त्यांनी गोटीच्या पायाचा अंगठा चिमटीत धरला. "आणि तिथे तू नसशील. मी खुर्ची बसवली तेव्हा हे माझ्या लक्षातच आलं नाही बघ. मी फक्त उकाड्याचा विचार केला."

मला रडू येणार हे ओळखून सासूबाईंनी घाईने विषय बदलला. "त्या खुर्चीत मीच बसून येते चार दिवस तुझ्याकडे. झालर छान आहे."

नणंद संध्याकाळी रिकामी खुर्ची घेऊन परत गेल्या. जाताना जिन्यात पेंटरकाका भेटले, तर त्यांनाच म्हणाल्या, माझ्याकडे पश्चिमेला एक खोली आहे, बघून जा. काका म्हणाले, "तुमच्या गावात थंडी असते म्हणता ना, मग नका लावू. हिवाळ्यातलं ऊनही परत पाठवेल तो. आणि काळा मी मिसळणार नाही. तो दुकानातूनच."

सोमवारी मी ऑफिसला गेले. दिवस नेहमीसारखाच तापला, चार वाजता खिडकीबाहेर डांबर चमकत होतं. सवयीने हात फोनकडे गेला. दुसऱ्याच रिंगला सासूबाईंनी उचलला आणि कुजबुजल्या, "झोपली आहे. दोन तास झाले. आता परत फोन करू नकोस, उठेल ती!"

आणि त्यांनी ठेवूनही दिला.